लसीची तारीख आणि रजेचा अर्ज

रजेच्या अर्जात 'कारण' अशी एक ओळ असते. बाळाला लस देण्यासाठी अर्धा दिवस मागणारे आईवडील त्या ओळीत बहुधा 'घरगुती काम' असे लिहितात. आजारी रजा लिहावी, तर स्वतः आजारी नाही आणि बाळही आजारी नाही. 'लसीकरण' असे स्पष्ट लिहिले, तर साहेब विचारणार, "आजच न्यायला हवे का? पुढच्या आठवड्यात चालणार नाही?" या प्रश्नाचे खरे उत्तर 'चालेल' असेच असते आणि अडचणही तिथेच आहे. पुढच्या आठवड्यात चालते, त्याच्या पुढच्या आठवड्यातही चालते. असे करता करता बाळाची गोवराची दुसरी मात्रा राहून जाते. त्यात कुणी लसीला विरोध केलेला नसतो, कुणाला लसीची भीती वाटलेली नसते. कामावरून निघण्याचा दिवस तेवढा ठरलेला नसतो.

मुलांचे लसीकरण अपुरे राहण्यामागे अफवा, अज्ञान किंवा निष्काळजीपणा आहे, असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. काही ठिकाणी ते खरेही असते. पण पहिल्या तीन-चार भेटींना वेळेवर आलेले बाळ नंतर येईनासे होते, तेव्हा वेगळे कारण शोधले पाहिजे. ज्या आईने दीड महिन्याच्या बाळाला एका दिवशी अनेक लसी देऊ दिल्या, तिचा लसीवर विश्वास नाही असे म्हणता येत नाही. मधल्या काळात तिच्या आयुष्यात एक गोष्ट बदललेली असते. ती कामावर परतलेली असते.

हे नीट समजण्यासाठी राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक आणि प्रसूती रजा शेजारी शेजारी ठेवून पाहावे. जन्मल्यावर लगेच क्षयरोगाची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची ब लस रुग्णालयातच मिळते. त्यानंतर बाळाला केंद्रावर न्यावे लागते ते दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे झाल्यावर, म्हणजे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. पेंटाव्हॅलेंट, रोटाव्हायरस, पोलिओ आणि न्यूमोकोकल या लसी या तीन भेटींत विभागलेल्या आहेत. मग मोठी खंड पडते. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, न्यूमोकोकलची वर्धक मात्रा, पोलिओचे तिसरे इंजेक्शन आणि 'अ' जीवनसत्त्व दिले जाते. त्यानंतर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा, त्रिगुणी लसीची पहिली वर्धक मात्रा आणि पोलिओचे थेंब. शेवटी ५ ते ६ वर्षे या वयात त्रिगुणीची दुसरी वर्धक मात्रा. म्हणजे जन्मानंतर पहिल्या सहा वर्षांत बाळाला लसीसाठी घेऊन जाण्याच्या मुख्य भेटी फक्त सहा आहेत.

आता एक उदाहरण तारखांसह मांडू. समजा, एका मुलीचा जन्म बुधवारी, ५ मार्च २०२५ रोजी झाला. तिची आई एका खासगी कंपनीत कामाला आहे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार बुधवार आहे. हे पहिलेच मूल असल्याने आईला २०१७ च्या दुरुस्तीनुसार २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. ती तिने बाळंतपणाच्या चार आठवडे आधी, ५ फेब्रुवारीला सुरू केली. म्हणजे रजेचा शेवटचा दिवस ५ ऑगस्ट आणि कामावर हजर होण्याचा दिवस ६ ऑगस्ट.

बाळाच्या पहिल्या तीन भेटी येतात १६ एप्रिल, १४ मे आणि ११ जूनला. हे तिन्ही बुधवारच आहेत, कारण अंतर आठवड्यांत मोजलेले आहे. या तिन्ही दिवशी आई घरी आहे. तिला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. ९ महिने पूर्ण होतात ५ डिसेंबरला, त्यामुळे पुढचा पहिला बुधवार १० डिसेंबर २०२५. तोवर आईला कामावर परतून चार महिने झालेले असतात. १६ महिने पूर्ण होतात ५ जुलै २०२६ ला, पुढचा पहिला बुधवार ८ जुलै. आणि पाच वर्षे पूर्ण होतात ५ मार्च २०३० ला. म्हणजे सहापैकी तीन भेटी रजेत बसल्या आणि तीन कामाच्या दिवसांवर पडल्या. राहून जाण्याचा धोका याच तीन भेटींना जास्त असतो.

दोन मुले हयात असलेल्या आईला तिसऱ्या बाळंतपणासाठी २६ नव्हे, १२ आठवड्यांचीच रजा आहे. तिने त्यातले चार आठवडे आधी घेतले, तर बाळंतपणानंतर आठच उरतात. मग दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या भेटीही कामाच्या दिवसांत जातात. घरकाम करणाऱ्या, बांधकामावर किंवा शेतात रोजाने जाणाऱ्या बाईला तर अशी पगारी रजाच नसते. तिच्यासाठी सहाही भेटींची किंमत एकच, त्या दिवसाचा रोज.

कामाच्या दिवसांत पडणाऱ्या भेटींचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यांना नेमकी तारीख नसते, मुदत असते. पहिली गोवर-रुबेला ९ ते १२ महिन्यांत द्यायची. वरच्या उदाहरणात १० डिसेंबर ते ४ मार्चपर्यंत असे १३ बुधवार मिळतात. दुसरीसाठी १६ ते २४ महिने, म्हणजे ८ जुलै २०२६ ते ३ मार्च २०२७ पर्यंत तब्बल ३५ बुधवार. मुदत लांब ठेवण्यामागचा हेतू चांगला आहे. एखादे मूल आजारी पडले, कुटुंब गावी गेले, तरी संधी हुकू नये. पण रजा मागताना हीच लांब मुदत आड येते. ३५ बुधवारांपैकी कुठलाही एक बुधवार इतका तातडीचा नसतो, की त्यासाठी वरिष्ठांशी वाद घालावा. महिनाअखेर असते, तपासणी असते, एखादा सहकारी आधीच रजेवर असतो. प्रत्येक वेळी पुढे ढकलण्याचे कारण रास्तच वाटते.

मुदतीतला कोणताही दिवस सारखाच, हा समज मात्र चुकीचा आहे. आईकडून मिळालेली गोवराची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात जन्मानंतर काही महिने असतात. ती असेपर्यंत लस नीट काम करत नाही, म्हणून ९ महिन्यांपर्यंत थांबायचे. पण ती ओसरली, की बाळ उघड्यावर पडते. ९ महिने पूर्ण झाल्यावरचा प्रत्येक आठवडा म्हणजे संरक्षणाविना काढलेला आठवडा. ९ महिन्यांना लस दिलेल्या १०० बालकांपैकी सुमारे ८५ जणांमध्येच पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होते. उरलेल्या १५ जणांना दुसऱ्या मात्रेने संरक्षण मिळायचे असते. आपले बाळ ८५ मधले की १५ मधले, हे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. म्हणून दुसरी मात्रा ही पहिलीला दिलेली नुसती जोड नाही. पहिली ज्यांना लागू पडली नाही, त्यांच्यासाठी तीच खरी पहिली आहे.

गोवर माफ करत नाही, हे महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस पाहिले. मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत, पुढे भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. बालके दगावली. ज्या भागांत ९ महिन्यांखालील बाळांनाही मोठ्या प्रमाणावर लागण होत होती, तिथे ६ महिन्यांपासूनच एक जादा मात्रा देण्याचा सल्ला केंद्र सरकारला द्यावा लागला. लस न घेतलेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. त्यामुळे साथ रोखायची, तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. शंभरात पाच मुले राहिली तर चालते, सहावे राहिले की फट पडू लागते. ती फट पुढे ढकललेल्या बुधवारांनीही पडते.

मग ज्या दिवशी जमेल त्या दिवशी, कामावरून सुटल्यावर संध्याकाळी लस का घेता येत नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर लसीच्या कुपीत आहे. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. एका कुपीत अनेक मुलांना पुरतील एवढ्या मात्रा असतात. सत्राच्या वेळी आरोग्यसेविका तीत द्रावक मिसळते. त्या क्षणापासून कुपीचे आयुष्य जास्तीत जास्त चार तास. लसीत जंतू वाढू न देणारे परिरक्षक नसते, त्यामुळे चार तासांनंतर किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस टाकून द्यावी लागते. उशिरा वापरलेल्या कुपीत जंतू वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकते. पेंटाव्हॅलेंट किंवा पोलिओच्या उघडलेल्या कुप्या ठरलेल्या अटी पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येतात. गोवर-रुबेला आणि बीसीजीला ही सवलत नाही. म्हणून या लसी ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासांत, मुले एकत्र बोलावून देणे केंद्राला सोयीचे पडते. एका बाळासाठीही कुपी उघडावी, असा नियम आहे. तरीही दुपारी उशिरा पोचलेल्या आईला 'पुढच्या बुधवारी या' हे ऐकावे लागते, आणि तिची एक रजा वाया जाते.

केंद्रावर जाऊन येण्यास लागणारा वेळही लक्षात घ्यावा. जाणे-येणे, रांग, वजन, कार्डावरची नोंद, मग लस, आणि लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबणे. हा अर्धा तास शिष्टाचाराचा नाही. क्वचित येणारी तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया याच काळात दिसते आणि तिथे उपचार हाताशी असतो. 'तासाभरात येते' असे सांगून निघालेली आई साधारण हाच अर्धा तास वाचवायला पाहते. तेव्हा मागायचा तो तास नव्हे, अर्धा दिवस.

अर्धा दिवस पुरेल की दुसरा दिवसही लागेल, हे कोणती लस आहे त्यावर ठरते. १६ महिन्यांनंतरच्या भेटीत त्रिगुणी लस असते. ती दिल्यावर त्याच संध्याकाळी ताप येणे, मांडी दुखणे, सुजणे आणि बाळ रात्रभर किरकिरणे नेहमीचे आहे. ते साधारण एक-दोन दिवसांत उतरते. गोवर-रुबेलाचे वेगळे आहे. तिचा ताप आला तर साधारण आठवड्याभराने येतो, काही मुलांना त्यासोबत फिकट पुरळही उठते. त्यामुळे ९ महिन्यांच्या भेटीसाठी बहुधा अर्धा दिवस पुरतो. १६ महिन्यांच्या भेटीनंतरचा दिवस मात्र आई किंवा वडील, दोघांपैकी एकाने मोकळा ठेवलेला बरा. हे आधी ठाऊक असले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी 'बाळाला ताप आला, येऊ शकत नाही' असा अचानक फोन करावा लागत नाही. कार्यालयात खरी नाराजी होते ती अशा फोनमुळे.

आता अर्जाचे. आरोग्यसेविकेने लस दिल्यावर पालकांना चार गोष्टी सांगायच्या असतात. कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करावे, पुढच्या लसीला कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी घेऊन यायचे. यातली तिसरी गोष्ट, म्हणजे पुढची तारीख, माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिली जाते. रजेच्या अर्जाचा आधार हीच नोंद. चौदाव्या आठवड्याची लस होते, तेव्हाच ९ महिन्यांची तारीख काढता येते. ती कामावर परतण्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावी. अर्ज दोन-तीन आठवडे आधी द्यावा आणि त्यात मोघम काही नसावे. तो असा असू शकतो:

"माझ्या मुलीला ९ महिने पूर्ण झाल्यावर द्यावयाच्या गोवर-रुबेला व इतर लसी राष्ट्रीय वेळापत्रकानुसार देय आहेत. आमच्या आरोग्य केंद्रात लसीकरण दर बुधवारी सकाळी होते. त्यासाठी बुधवार, दि. १० डिसेंबर २०२५ रोजी सकाळच्या सत्रात अर्धा दिवस रजा मिळावी. दुपारी २ वाजता मी कामावर हजर राहीन. त्या सकाळचे काम मंगळवारी पूर्ण करून ठेवीन. लसीकरण कार्डाच्या संबंधित पानाची प्रत सोबत जोडली आहे."

अशा अर्जात वार, वेळ, परतण्याची वेळ आणि पुरावा चारही गोष्टी आहेत. 'पुढच्या आठवड्यात चालणार नाही का' या प्रश्नाचे उत्तरही त्यात आलेले आहे. ९ महिने पूर्ण झाल्यानंतरचा पहिला लसीकरणाचा दिवस हाच आहे, हे त्यात स्पष्ट दिसते. ३५ बुधवारांतून एक बुधवार कागदावर उतरला, की तो पुढे ढकलण्यासाठी कुणाला तरी पुन्हा निर्णय घ्यावा लागतो. एरवी तो आपोआपच पुढे जातो.

मिळालेली रजा वाया जाऊ नये, यासाठी दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आदल्या दिवशी आशाताईला किंवा केंद्रावर फोन करून सत्र आहे ना आणि लस आली आहे ना, हे विचारून घ्यावे. बुधवारी सरकारी सुट्टी असली, तर सत्र बदलते. बाळाला साधी सर्दी, थोडा खोकला, किंचित कणकण असेल तर लस टाळण्याचे कारण नाही. तरीही 'सर्दी आहे, पुढच्या वेळी देऊ' असे घरातूनच म्हटले जाते आणि पुन्हा रजेपासून सुरुवात होते. ताप जास्त असेल किंवा बाळ खरोखर आजारी असेल, तर मात्र थांबावे आणि निर्णय केंद्रावरच्या डॉक्टरवर सोडावा. तसेच ९ महिन्यांना एकाच दिवशी तीन इंजेक्शने पाहून काही आईवडील 'आज एकच द्या, बाकीची नंतर' असे म्हणतात. एकाच भेटीत त्या देणे सुरक्षित आहे. बाळाचे रडणे दोन दिवसांत विभागून काही साधत नाही, उलट दुसऱ्या रजेची गरज निर्माण होते.

आणि एखादी तारीख हुकलीच, तर मागच्या सगळ्या मात्रा फुकट गेल्या असे मुळीच नाही. वेळापत्रक जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते, पहिल्यापासून नाही. गोवर-रुबेलाच्या राहिलेल्या मात्रा पाच वर्षांपर्यंत, तर त्रिगुणी सात वर्षांपर्यंत देता येते. उशीर झाल्याची शरम वाटून केंद्रावर न जाणारे पालक आहेत. त्यांना हे ठाऊक असायला हवे.

नेणारी व्यक्ती आईच असली पाहिजे, असा कुठलाही नियम नाही. वडील नेऊ शकतात, कार्ड सोबत असले तर आजी-आजोबाही नेऊ शकतात. तीन कामाच्या दिवसांतल्या भेटी आईवडिलांनी वाटून घेतल्या, तर कुणाच्याच वाट्याला सहा वर्षांत दोनपेक्षा जास्त अर्धे दिवस येत नाहीत. पण वडिलांनी या कारणासाठी रजा मागितली, की 'घरी कुणी नाही का?' असे विचारले जाते. या प्रश्नामुळे अनेक वडील अर्ज देतच नाहीत.

कायद्याकडे पाहिले, तर या अर्ध्या दिवसासाठी स्वतंत्र जागा कुठेच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा दिली आहे. ती दर तिमाहीला जमा होते आणि वर्षअखेर न वापरल्यास बुडते. लसीकरण त्यात बसवता येते, आणि बसवावेच. पण ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनांना हा कायदा लागू नाही. शिवाय हीच आठ दिवसांची रजा सासूच्या आजारपणाला, लग्नाकार्याला आणि अचानक आलेल्या पाहुण्यालाही पुरवायची असते. कामगार राज्य विम्याचा आजारपणाचा लाभ कामगाराच्या स्वतःच्या आजारासाठी आहे. सरकारी सेवेत बालसंगोपन रजा आहे, पण खासगी क्षेत्रात तिला समांतर काही नाही. मुलाला गोवर झाला आणि त्यातून न्यूमोनिया झाला, तर आईला कुणी जाब न विचारता दहा दिवस सोडले जाते. गोवर होऊ नये म्हणून मागितलेल्या अर्ध्या दिवसाला मात्र कारण द्यावे लागते.

यावर उपाय मोठा नाही. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या प्रत्येक पालकाला, राष्ट्रीय वेळापत्रकातल्या प्रत्येक भेटीसाठी अर्धा दिवस पगारी रजा, आणि पुरावा म्हणून कार्डावरची नोंद किंवा यू-विनवरचे प्रमाणपत्र. वैद्यकीय दाखला मागायचा नाही, कारण निरोगी बाळाचा दाखला काय देणार? प्रसूती रजेवरून परतलेल्या आईच्या बाबतीत हा हिशेब सहा वर्षांत तीन अर्ध्या दिवसांचा, म्हणजे दीड दिवसाचा आहे. कुठल्याही कंपनीला स्वतःच्या नियमपुस्तिकेत हे आजच लिहिता येईल, त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. 'घरगुती काम' याऐवजी 'बालकाचे लसीकरण' हे कारण छापील अर्जातच आले, तर ते मागताना संकोच उरणार नाही.

ज्यांच्याकडे अर्जच नाही, त्यांचे काय, हा याहून कठीण प्रश्न आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली जोडपी साधारण दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत फडावर असतात. एक दिवस काम बुडाले, तर मजुरी जातेच, वर 'खाडा' म्हणून मुकादम दंड कापतो. वरच्या उदाहरणातल्या मुलीची १० डिसेंबरची तारीख अशा कुटुंबात आली, तर आईने फड सोडून केंद्र शोधत जावे ही अपेक्षा फोल आहे. इथे लसीनेच माणसांकडे जायला हवे. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यात वीटभट्ट्या, बांधकामे आणि ऊसतोड वस्त्या यांच्याकडे खास लक्ष देण्यामागे हाच विचार होता. लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर मोफत मिळते, कार्ड गावाकडचे असले तरी चालते. साखर कारखान्याच्या तळावर पहाटे फडावर जाण्याआधी किंवा संध्याकाळी परतल्यावर सत्र भरवले, तर खाडा पडत नाही. शहरांतही महापालिकेच्या दवाखान्यांनी महिन्यातून एखादे रविवारचे किंवा संध्याकाळचे सत्र नियमित ठेवले, तर चार तासांच्या कुपीचा प्रश्नही सुटतो, कारण त्या दिवशी मुले पुरेशी जमतील.

राहिली ५ ते ६ वर्षांची मात्रा. ती सर्वाधिक विसरली जाते, कारण तोवर कार्ड कपाटाच्या तळाशी गेलेले असते. ते बाहेर निघते शाळा प्रवेशाच्या वेळी. प्रवेशासाठी पालक रजा घेतातच, आणि ती निमूटपणे मिळतेही. 'मुलाच्या शाळेची मुलाखत आहे' म्हटले, की कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जी मुलाखत कायद्याला मान्य नाही तिला सहज रजा मिळते, आणि जी लस सरकार स्वतः मोफत देते तिच्यासाठी खोटे कारण लिहावे लागते, असा हा उलटा व्यवहार आहे. प्रवेशाची कागदपत्रे द्यायला घेतलेल्या त्याच रजेत, शाळेत जाण्यापूर्वी केंद्रावर जाऊन त्रिगुणीची मात्रा पुरी करता येते, फक्त तो दिवस लसीकरणाच्या वारी निवडावा.

'आजच न्यायला हवे का?' असे विचारणाऱ्या साहेबांनाही घरी कुणीतरी असेच एके सकाळी उचलून केंद्रावर नेले असेल. त्यांनी अर्ज पुढे आल्यावर विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे, 'पुढची तारीख कोणती?' ती कार्डावर लिहिलेली असते. ती त्याच वेळी कार्यालयाच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवली, तर पुढच्या वेळी आईला अर्ज देताना चाचरावे लागणार नाही.